थकलेल्या बिलाची आठवण: गोड बोला, पण तारीख द्या

आज एकाच बिलाबद्दल बोलतो, माझ्याच.

मी इंदूरला पॅकेजिंग डिझाइनचं काम करतो. पुण्याच्या एका ग्राहकाला 10 एप्रिलला बिल दिलं. एक लाख रुपये आणि 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1,18,000. मुदत 45 दिवसांची, 25 मेपर्यंत. सप्टेंबर उजाडला तरी पैसे नाहीत. तोवर मी चार वेळा लिहिलं होतं, "साहेब, जरा पेमेंटचं बघा ना." उत्तर एकच, "बघतो."

चूक माझीही होती. "जरा बघा" याला तारीख नसते, म्हणून ते कोणाच्याच कामाच्या यादीत जात नाही. शेवटी मी साहेबांना सोडून अकाउंट्सच्या मॅडमना फोन केला आणि विचारलं, बिल तुमच्याकडे नोंदलं गेलंय का? नव्हतं! बिलावर पर्चेस ऑर्डरचा नंबर नव्हता, म्हणून ते बाजूला पडलं होतं. "बिल परत पाठवा" असं कोणी म्हणालं, तर समजा, गाडी इथेच अडलीय.

नंबर घालून बिल दिलं आणि 12 सप्टेंबरला दोघांनाही हा मेल केला:

"नमस्कार साहेब. 10 एप्रिलच्या बिलाची 1,18,000 रुपयांची रक्कम 25 मे रोजी देय होती. आज 110 दिवस उलटले आहेत. कामाबद्दल काही हरकत असेल तर दोन दिवसांत कळवावी. नसेल तर नियमाप्रमाणे टीडीएस कापून उरलेली रक्कम 22 सप्टेंबरपर्यंत जमा करावी, ही विनंती. 7 ऑक्टोबरला बिलाला 180 दिवस होतात. त्यानंतर या बिलावर घेतलेलं जीएसटी क्रेडिट आपल्याला व्याजासह परत करावं लागेल, तो भुर्दंड आपल्याला पडू नये. बिल, ऑर्डर आणि काम पोचल्याची पोच सोबत जोडली आहे."

यात धमकी कुठेच नाही. 180 दिवसांचा नियम जीएसटी कायद्यातलाच आहे, आणि अकाउंट्सवाल्यांना तो लगेच कळतो. हरकतीचा प्रश्न मात्र मुद्दाम विचारला. पुढे कोणी "काम आवडलं नव्हतं" म्हणालं, तर आपल्याकडे तारखेसह लेखी विचारणा असते.

आणखी एक हत्यार मी म्यानातच ठेवलं. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल, तर 2006च्या कायद्याप्रमाणे करारातही 45 दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं. पण नोंदणी काम देण्याआधीची हवी. नंतर धावपळ करून काढलेली मागच्या बिलाला लागू होत नाही. ते दुसऱ्या मेलसाठी होतं. त्यानंतर सरकारी पोर्टलवर तक्रार.

दुसरा मेल लिहावा लागला नाही. 20 तारखेला पैसे आले, सोबत मॅडमचा निरोप: पुढच्या बिलावर ऑर्डर नंबर विसरू नका.