नवरीचे दागिने: भाड्याने घ्यावेत की विकत?



तुळशीचं लग्न लागलं की आपल्या गटांच्या मासिक सभेत लग्नासाठी कर्जाचे अर्ज येऊ लागतात. मंडप आणि जेवणाचा खर्च आपण समजू शकतो. पण हल्ली त्यात आणखी एक खर्च आला आहे, तो म्हणजे नवरीच्या नकली दागिन्यांचा. सोनं परवडत नाही, म्हणून ‘वन ग्रॅम’चा पूर्ण सेट घ्यायचा असं ठरतं. आज त्याबद्दलच बोलू या.

आधी ‘वन ग्रॅम’ म्हणजे काय ते समजून घेऊ. नावावरून वाटतं की त्यात एक ग्रॅम सोनं असेल. पण हे दागिने तांब्या-पितळेचे असतात आणि वरून सोन्याचा अगदी पातळ मुलामा दिलेला असतो. उद्या अडचण आली तर सोनार ते गहाण ठेवत नाही आणि मोडही घेत नाही. घामाने, अत्तराने मुलामा उतरतो. म्हणून या दागिन्याचा हिशेब एकच: तो अंगावर किती वेळा चढणार?

एका गटातलं उदाहरण सांगते. एका ताईंनी मुलीच्या लग्नासाठी 15,000 रुपयांचं कर्ज मागितलं. एवढी रक्कम फक्त सेटसाठी होती: चिंचपेटी, तन्मणी, ठुशी, राणीहार, बाजूबंद, तोडे, कमरपट्टा, नथ, कानातले आणि बिंदी. गटाचं व्याज महिन्याला शेकडा 2 रुपये. दहा हप्त्यांत फेडलं तरी व्याज 1,650 होत होतं, म्हणजे सेट पडणार होता 16,650 रुपयांना.

मग सभेतच यादी लिहायला घेतली. प्रत्येक दागिन्यापुढे एक प्रश्न विचारला: लग्नानंतर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, गौरींना मुलगी हे घालेल का? नथ, कानातले यांना ‘हो’ आलं. कमरपट्टा, राणीहार, बाजूबंद, तोडे यांना ‘नाही’. ठुशी तिच्या आजीची होतीच. हळदीच्या दिवशी फुलांचे दागिने घरीच ओवायचे ठरले.

शेवटी मोठे दागिने तीन दिवसांसाठी भाड्याने घेतले. भाडं 3,200 रुपये आणि अनामत 5,000. नथ, कानातले आणि हिरवा चुडा विकत घेतला, त्याचे 1,200 झाले. अनामतीसाठी गटाने एका महिन्याचं 5,000 कर्ज दिलं, त्याचं व्याज 100. एकूण खर्च 4,500. पण लक्षात घ्या, अनामत परत मिळणार असली तरी त्या दिवशी हातात असावी लागते. ती मोजली नाही तर ऐनवेळी धावपळ होते.

भाडं प्रत्येक वेळी परवडतंच असं नाही. घरात वर्ष-दोन वर्षांत तीन-चार लग्नं असतील, तर प्रत्येक वेळचं भाडं जोडून पाहा. ते सेटच्या किमतीएवढं होत असेल तर विकत घ्या आणि जावा-बहिणींनी खर्च वाटून घ्या.

आता दुकानात काय बघायचं? दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळंच झळकतं. दागिना दाराशी उजेडात आणा आणि उलटा करा, कारण मुलामा आधी मागच्या बाजूने जातो. पांढरा सुती रुमाल मागून घासून पाहा. काळा किंवा हिरवट डाग आला तर तो मानेवरही येणार. प्रत्येक खडा नखाने हलकेच दाबा. मोत्यांचा दोरा हूकजवळ विरला आहे का ते बघा, कारण सर तिथेच तुटतो. हूक चार वेळा लावून काढा. सगळे दागिने शेजारी ठेवून रंग जुळतो का पाहा. एक लालसर आणि एक फिका असेल तर फोटोत उठून दिसतं. तोडे आणि कमरपट्टा नवरीला घालूनच बघा. सुरकं फिरणारं किंवा घट्ट बसणारं माप त्या दिवशी बदलून मिळत नाही.

पसंत पडलं की कागद करा. दागिन्यांची नावं आणि नग, भाडं, अनामत, परत देण्याची तारीख आणि वेळ, उशिराचा दंड, हरवल्यास कशाचे किती कापणार, आणि आधीपासूनची मोडतोड, हे सगळं त्यावर यायला हवं. दोघांच्या सह्या घ्या. दुकानातच सगळं पांढऱ्या कापडावर मांडून पुढून-मागून फोटो काढा. आपल्या ताईंनी कागदावर लिहून घेतलं होतं, ‘बाजूबंदाचा एक खडा आधीच नाही’. परत देताना दुकानदार त्याच खड्याचे 300 कापायला निघाला. कागद आणि फोटो समोर ठेवला, तेव्हा पूर्ण 5,000 परत मिळाले.

अनामत म्हणून घरातला सोन्याचा दागिना किंवा मूळ आधार कार्ड ठेवू नका. झेरॉक्स मागितली तर तिच्यावर ‘दागिने भाड्याने घेण्यासाठी’ असं लिहून तारीख टाका.

आता स्वच्छतेचं. एक नियम पाळा: शरीराच्या छिद्रात जाणारा दागिना भाड्याने घ्यायचा नाही. टोचलेल्या नाकातली नथ आणि कानातल्यांची दांडी ही स्वतःचीच हवी. नाक-कान नुकतेच टोचले असतील किंवा आत ओरखडा असेल तर रक्ताचा अंश दांडीला लागतो. डोळ्यांना दिसतही नाही. कावीळ ‘ब’चा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस टिकू शकतो. नुसतं कापडाने पुसून तो जाईलच याची खात्री नाही.

गळ्यातले आणि हातातले दागिने घेताना दुकानदाराला विचारा, मागच्या नवरीनंतर हे कसं स्वच्छ केलं? खाचेत हळद, मेकअप किंवा घामाचा थर दिसला तर घेऊ नका. घरी आणल्यावर धातूचा भाग साबणाच्या पाण्यात पिळून काढलेल्या कापडाने पुसा आणि लगेच कोरडा करा. मोती पाण्यात बुडवू नका, त्यांना स्पिरिटही लावू नका, चमक जाते. बिंदी आणि अंबाड्याचे आकडे उजेडात नीट बघा, त्यात केस किंवा उवांची लिख अडकलेली असते.

नवरीला नकली कानातल्यांनी खाज येते का, हेही आधी विचारा. पुष्कळदा ती निकेल धातूची ॲलर्जी असते. पुरळ दागिना घातल्या घातल्या येत नाही, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी येतं. अशा मुलीच्या गळ्यातल्या दागिन्याला मागून मलमलीची पट्टी टाचा आणि विधी झाले की तो उतरवा.

भाड्याचे दागिने हळदीला घालू नका. खाचेत बसलेली हळद निघत नाही आणि अनामत कापली जाते. लग्नाच्या दिवशी अत्तर, केसांचा स्प्रे आधी आणि दागिने सगळ्यात शेवटी. उतरवताना मामी किंवा मावशी, कोणीतरी एकीनेच कागद हातात घेऊन नग मोजत डब्यात ठेवावेत. चार जणींनी उतरवले की कानाचा वेल हमखास हरवतो.

पुढच्या सभेत लग्नाच्या कर्जाचा अर्ज आला, तर दागिन्यांची यादी वेगळी मागून घ्या. प्रत्येकापुढे ‘विकत’, ‘भाड्याने’ किंवा ‘घरात आहे’ असं लिहा आणि मगच रकमेवर बोला.