दोन पदव्या, एक विद्यार्थी आणि क्रेडिट्सचा नकाशा
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला 'परदेशी शिक्षण' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. विषय फार मोठा आहे, म्हणून त्यातला एकच तुकडा मी घेतला आहे. आपल्या बॅचच्या ग्रुपवर गेल्या वर्षभरात ज्या माहितीपत्रकांचे फोटो सर्वांत जास्त आले, तोच तो तुकडा. 'दोन वर्षं इथे, दोन वर्षं तिथे.' आपली मुलं आता बारावीच्या आसपास आहेत, त्यामुळे हे पत्रक बहुतेकांच्या घरी येऊन पोचलं असणार.

पत्रकावर 'टू प्लस टू' लिहिलेलं असतं. पदवी कोणाची, हे मात्र त्यावरून कळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२२ मध्ये यासाठी नियम केले आणि त्यात तीन प्रकार वेगळे केले. ट्विनिंगमध्ये पदवी फक्त भारतीय संस्थेची असते, आणि परदेशात जास्तीत जास्त ३० टक्के क्रेडिट्स करता येतात. जॉइंट डिग्रीमध्ये प्रमाणपत्र एकच असतं, त्यावर दोन्ही संस्थांची बोधचिन्हं असतात, आणि प्रत्येक संस्थेत किमान ३० टक्के क्रेडिट्स करावी लागतात. ड्युअल डिग्रीमध्ये दोन्ही संस्था आपापली स्वतंत्र पदवी देतात, पण भारतातली क्रेडिट्स किमान ३० टक्के असायलाच हवीत.

आता गणिताच्या बाईंच्या पद्धतीने पायरीपायरीने पाहू. इंजिनिअरिंगची पदवी साधारण १६० क्रेडिट्सची धरा. तिचे ३० टक्के म्हणजे ४८. एका सत्राला साधारण २० क्रेडिट्स असतात. म्हणजे ट्विनिंगमध्ये मूल परदेशात दोन सत्रं, फार तर थोडं जास्त, राहू शकतं. 'टू प्लस टू'मध्ये तिथे ८० क्रेडिट्स होतात. तेव्हा पत्रकावर एकीकडे 'ट्विनिंग' आणि दुसरीकडे 'दोन वर्षं परदेशात' असं लिहिलं असेल, तर त्यातली एक गोष्ट चूक आहे. फरक नुसता नावाचा नाही. ट्विनिंगमध्ये हातात परदेशी पदवी येतच नाही, म्हणून त्या देशाच्या पदवीवर मिळणारी कामाची परवानगी गृहीत धरून कर्ज काढणं धोक्याचं आहे.

प्रकार कळला तरी खरी गाठ पुढेच असते. ती मला माझ्या भाचीच्या वेळी नीट दिसली, म्हणून तिचंच उदाहरण देते. पुण्यातलं कॉलेज, कॉम्प्युटर शाखा, अमेरिकेतल्या एका विद्यापीठाबरोबर ड्युअल डिग्री. चौथं सत्र चालू असताना तिकडून पत्र आलं की तिची ५४ क्रेडिट्स स्वीकारली आहेत. तिथली पदवी १२० क्रेडिट्सची. ताई खूश झाली. भाची म्हणाली, "मावशी, ५४ मिळालीत, ६६ उरली. चार सत्रांत होतील ना?"

मी म्हटलं, "स्वीकारली म्हणजे कशात धरली, ते विचार."

उत्तर आलं. पदवीच्या आवश्यक विषयांत ४१ धरली होती. उरलेली १३ 'सर्वसाधारण ऐच्छिक' या खात्यात टाकली होती, आणि तिच्या शाखेच्या आराखड्यात त्या खात्याला जागाच नव्हती. म्हणजे गुणपत्रकावर ती दिसणार, पण पदवीसाठी उपयोग शून्य. खरी उरलेली क्रेडिट्स १२० वजा ४१, म्हणजे ७९. सत्राला १५ धरली तर पाच सत्रं करूनही चार क्रेडिट्स शिल्लक राहतात.

त्यापेक्षा वाईट गोष्ट त्या १३ मध्येच लपलेली होती. डेटा स्ट्रक्चर्सची चार आणि डिस्क्रीट मॅथ्स, डिजिटल लॉजिक, कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन यांची तीन-तीन. हे पायाचे विषय आहेत. डेटा स्ट्रक्चर्स झाल्याशिवाय अल्गोरिदम्सला बसू देत नाहीत, आणि ऑपरेटिंग सिस्टीम्ससारखे विषय त्यांच्याही पुढचे. आम्ही सॉफ्टवेअर बांधताना कोणता भाग कोणावर अवलंबून आहे याचा आलेख काढतो. तो इथे जसाच्या तसा लागू पडतो. त्यातला एखादा विषय वर्षातून एकाच सत्रात शिकवत असतील, तर सगळी साखळी आणखी मागे सरकते. म्हणून नुसती बेरीज करून भागत नाही, क्रमही पाहावा लागतो.

हे विषय का नाकारले होते? तर कॉलेजने प्रत्येक विषयाच्या नावापुढे दोन ओळींचं वर्णन पाठवलं होतं. तिकडे तपासणाऱ्या माणसाला त्यावरून प्रॅक्टिकल होतं की नाही, आलेख सिद्धान्त शिकवला की नाही, काहीच कळत नव्हतं. भाचीने विभागप्रमुखांकडून चारही विषयांचा पूर्ण अभ्यासक्रम घेतला. त्यात तासांची विभागणी, पाठ्यपुस्तकं, प्रॅक्टिकलची यादी, सत्राची प्रश्नपत्रिका, सगळं होतं. ते कॉलेजच्या शिक्क्यानिशी पुन्हा पाठवलं. पाच आठवड्यांनी चारही विषय आवश्यक खात्यात धरले गेले. ४१ चे ५४ झाले. उरली ६६, म्हणजे सत्राला सोळा-सतरा. ओढाताण होते, पण चार सत्रांत जमतं. एका जादा सत्राची फी आणि राहणं-खाणं वाचलं, ते फक्त कागद पूर्ण असल्यामुळे.

ड्युअल डिग्रीत हाच हिशेब उलट्या दिशेनेही करावा लागतो, आणि तो बहुतेक जण विसरतात. तिकडे केलेले विषय इथल्या उरलेल्या ८० क्रेडिट्समध्ये बसले पाहिजेत, नाहीतर इथली पदवी अडकते. भाचीच्या बाबतीत इथल्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तिथल्या कोणत्या विषयाबरोबर जुळतो, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. तोंडी 'होऊन जाईल' एवढंच होतं. (हे वाक्य ऐकलं की मला ऑफिसातले सगळे उशिरा झालेले प्रोजेक्ट आठवतात.) तेही जायच्या आधी लिहून घेतलं.

आणखी एकच मुद्दा सांगते. जाणंच झालं नाही तर? अभ्यासक्रम अर्धवट सुटला तर विद्यार्थ्याने बाहेर कसं पडायचं आणि त्याची क्रेडिट्स कशी धरायची, हे स्पष्ट करावं असं नियमातच आहे. पण तारखा पाहा. इकडे पाचवं सत्र जुलैच्या सुमारास सुरू होतं, तिकडचं ऑगस्टच्या अखेरीस, आणि व्हिसाचा निकाल मधेच कुठेतरी लागतो. माझ्या एका सहकाऱ्याच्या मुलाला व्हिसा नाकारला गेला, तोवर इथले पाच आठवडे उलटले होते. हजेरी कमी पडली आणि वर्ष गेलं. म्हणून भाचीच्या कॉलेजकडून आम्ही लिहून घेतलं की सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिची जागा त्याच शाखेत राहील आणि तोवरची हजेरी मोजली जाणार नाही. कॉलेजने खळखळ केली, पण दिलं.

तर प्रवेशाचे पैसे भरायच्या आधी तीन कागद मागा. पदवी कोण देणार याचं पत्र, दोन्ही दिशांचा विषयवार क्रेडिट्सचा नकाशा, आणि परत येण्याच्या अटी. नकाशा 'नंतर पाठवतो' असं उत्तर आलं, तर तो अजून तयारच नाही असं समजा. तुमच्यापैकी कोणाकडे असा नकाशा असेल, तर जेवणानंतर मला दाखवा, आपण बसून पाहू. मी वाचायचा चष्मा बरोबर आणला आहे.