बसावं कसं, उठावं कसं

(दिंडीच्या शंभराव्या वर्षी, वैशाखात, गावच्या विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात ज्येष्ठ मंडळींसाठी आणि नव्याने येणाऱ्यांसाठी योगाची सकाळ ठेवली होती. त्या वेळी केलेलं स्वागताचं भाषण.)



 

योग शिकवणाऱ्या बाई इथं बसल्याच आहेत. आसनं त्या शिकवतील, त्यातलं आम्हाला काही कळत नाही. पण स्वागताचे दोन शब्द बोला म्हटल्यावर आम्ही त्यांना म्हणालो, बाई, सुरुवातीची दहा मिनिटं आम्हाला द्या. एकच गोष्ट सांगायची आहे. जमिनीवर बसावं कसं, आणि जमिनीवरनं उठावं कसं.

हसू आलं ना? जन्म गेला पंगतीत बसण्यात आणि आता हे बुवा बसायला शिकवणार! पण बाईंनी आम्हाला सांगितलंय, की आज शेवटी शवासन आहे. नाव ऐकून दचकू नका. नुसतं उताणं पडून राहायचं, एवढंच ते. आमच्या वयाच्या माणसाला पडून राहणं अवघड नाही. अवघड आहे ते तिथवर जाणं आणि तिथनं परत उभं राहणं. ते आम्ही कसं शिकलो, ते ऐका.

आपल्या दिंडीत एक आत्या आहेत. वीस वर्षं डोक्यावर तुळस घेऊन चालल्या. दिवे घाट चढताना आमच्यासारख्यांना धाप लागायची, आत्या पुढं निघून जायच्या. अशा बाई तीन वर्षांमागं म्हणाल्या, यंदा माझं यायचं नाही. आम्हाला वाटलं पाय थकले असतील. घरी गेलो, विचारलं. तर म्हणाल्या, "बुवा, चालायचं भ्या न्हाई. बसायचं भ्या हाय. राहुटीत एकदा खाली पडले की रातचं उठता येत न्हाई. कुणाला उठवू? लाज वाटती."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. रात्री उठावं लागू नये म्हणून त्या आदल्या वारीत दुपारनंतर पाणीच पीत नव्हत्या. उन्हात चालायचं आणि पाणी प्यायचं नाही! एका पहाटे घेरी येऊन राहुटीच्या दारातच बसल्या होत्या. आणि त्या वेळी आम्ही काय केलं होतं? धावत गेलो, त्यांचा एक दंड धरला आणि वर ओढलं. भलेपणानेच केलं. पण त्यांचा खांदा दुखावला, तो पुढं दोन महिने दुखत होता. हे त्यांनी वर्षभर आम्हाला सांगितलं नव्हतं. ऐकून आमची मान खाली गेली.

पुढं व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईंकडे आत्यांना घेऊन गेलो. त्यांनी गुडघे तपासले, आणि मग जे शिकवलं ते आम्हीही शिकलो. तेच आता दाखवतो. ही खुर्ची बघा. हिची पाठ भिंतीला टेकवलेली आहे, म्हणजे जोर दिला तरी मागं सरकणार नाही. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची गुळगुळीत फरशीवर पाय फाकवते, ती घेऊ नका. सतरंजीही अशी अंथरा की पायाखाली सरकणार नाही. धोतराचा सोगा आणि लुगड्याचा पदर खोचून घ्या. पुष्कळ माणसं आसनानं पडत नाहीत, सोग्यात पाय अडकून पडतात.

आता खाली जायचं. खुर्चीकडे तोंड करून उभं राहा आणि दोन्ही हात खुर्चीच्या बसायच्या फळीवर टेका. एक पाय मागं न्या आणि तो गुडघा हळूच खाली टेका. गुडघ्याखाली घोंगडीची घडी ठेवा. मग दुसरा गुडघा टेका. आता खुर्ची सोडून दोन्ही तळहात जमिनीवर ठेवा, म्हणजे रांगणाऱ्या पोरासारखे झालात. तिथनं एका कुल्ल्यावर बाजूला बसा, मग कोपर टेका, कुशीवर पडा, आणि शेवटी उताणे व्हा. धप्पकन बसायचं नाही. धप्पकन बसल्यावर कंबरेला जो हिसका बसतो, तो दुसऱ्या दिवशी कळतो.

उठताना हेच उलटं. पण इथंच सगळे चुकतात. उताणा माणूस मान उचलतो, पोट आवळतो, दात-ओठ खातो आणि सरळ उठायला बघतो. तसं करताना श्वास कोंडतो, तोंड लाल होतं, रक्तदाब चढतो, कंबर धरते. म्हणून आधी दोन्ही गुडघे वाकवून पाय जमिनीवर ठेवा. मग गुडघे आणि खांदे एकदमच एका कुशीला वळू द्या. वरच्या हाताचा तळवा छातीसमोर टेकून जमीन ढकला, खालच्या कोपराचा आधार घ्या, आणि बसते व्हा.

बसते झालात की थांबा. हे थांबणं विसरू नका. पडून असताना रक्त सगळ्या अंगात सारखं खेळत असतं. एकदम उभं राहिलं की ते पायाकडे उतरतं आणि डोक्याला क्षणभर कमी पडतं. तरण्या माणसाचं अंग लगेच सावरतं, आपलं सावरायला वेळ लागतो. त्यात रक्तदाबाची गोळी चालू असेल किंवा पाणी कमी प्यायलेलं असेल, तर आणखी वेळ लागतो. आत्यांना पहाटे घेरी आली ती बहुतेक यानेच. म्हणून बसल्या जागी पावलं वरखाली हलवा आणि सावकाश वीस वेळा नाम घ्या. डोळ्यापुढं अंधारी आली, कानात गुंई झालं, तर उठायचं नाही, परत कुशीवर पडायचं. गोळी मात्र मनानं बंद करू नका, डॉक्टरांना घेरीचं सांगा.

डोकं साफ असेल तर रांगत खुर्चीपाशी या. हात फळीवर टेका. ज्या पायात जास्त जोर आहे तो पाय पुढं आणून पाऊल पक्कं रोवा. श्वास सोडत हातांनी फळी दाबा, मागच्या पायाची बोटं रोवा, आणि वर या. वर आलात की लगेच चालू लागू नका. वळून त्याच खुर्चीवर बसा, मग उभे राहा.

गोठ्यात गाय कशी उठते बघा. आधी पुढचे गुडघे टेकते, मग मागचा भाग उचलते, क्षणभर तशीच राहते, आणि मग पुढचे पाय एकेक करून सरळ करते. कितीही हाका मारा, ती क्रम मोडत नाही. आणि तिला शिंगाला धरून कुणी वर ओढत नाही. मग म्हाताऱ्या माणसाला दंडाला धरून का ओढायचं? कुणी खाली अडकलं तर धावत जाऊन त्याच्यापुढं खुर्ची ठेवा, ती दाबून धरा, आणि त्याचं त्याला उठू द्या. माणूस पडलेला असेल तर आधी विचारा, कुठं दुखतंय. खुब्यात, मनगटात किंवा मानेत कळ असेल, डोक्याला लागलं असेल, तर हलवू नका, गाडी बोलवा.

श्वास कोंडला हे कसं ओळखायचं? त्याला आपल्याकडे सोपा उपाय आहे. सगळं करताना तोंडानं रामकृष्ण हरी चालू ठेवा, दुसऱ्याला ऐकू जाईल असं. नाम मधेच तुटलं, की समजा श्वास अडकला किंवा जोर जास्त लागला. तिथंच थांबा. आम्ही कीर्तनात चाळीस वर्षं नाम घेतलं, पण उठता-बसता घेतलेलं नाम कंबर वाचवतं, हे आत्यांमुळं कळलं.

आता कुणी खाली यायचंच नाही, तेही सांगतो. ज्यांच्या गुडघ्याची वाटी बदललेली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुडघे टेकू नयेत. ज्यांचं डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय किंवा ज्यांना काचबिंदू आहे, त्यांनी डोकं खाली जाईल असं वाकू नये. या मंडळींसाठी भिंतीकडेला खुर्च्यांची रांग लावली आहे. बाई म्हणाल्यात, खुर्चीवर बसून केलेला योगही योगच. त्यात कमीपणा नाही. साखरेची गोळी किंवा इन्शुलिन घेणारं कुणी उपाशी आलं असेल, तर आत्ताच सांगा. हातपाय कापायला लागले, दरदरून घाम आला, तर लगेच बसा आणि हाक मारा. साखर आणि पाणी विणेकऱ्यांच्या बाजूला ठेवलं आहे.

आणि उद्या अंग दुखेल. मांड्या भरून येतील. ती दुखणी दोन-तीन दिवसांत जाते. पण गुडघ्यात सुई टोचल्यासारखी कळ आली, सांधा सुजला, तर ते अंगवळणी पडणारं दुखणं नव्हे. ते आसन तिथंच सोडा आणि बाईंना सांगा.

आत्यांनी काय केलं ते सांगून थांबतो. त्यांना आधी जमिनीवर उतरवलंच नाही. पहिले पंधरा दिवस नुसतं खुर्चीवर बसायचं आणि उठायचं, सकाळी पाच वेळा, संध्याकाळी पाच वेळा. आधी हात टेकून, मग हात न टेकता. पंधरा दिवसांनी जमिनीवर, तेही घरात सून असताना. त्या वर्षी त्या आल्या नाहीत. पुढच्या वर्षी आल्या. त्यांच्या राहुटीत आम्ही एक लोखंडी खुर्ची ठेवली, आणि आता ती दिंडीच्या सामानात दरवर्षी ट्रकमध्ये चढते. पंढरपूर येईपर्यंत त्यांनी रात्री एकालाही उठवलं नाही. आणि पाणी पोटभर प्यायल्या.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला माऊलींची पालखी आळंदीहून निघेल. अजून महिन्याच्या वर वेळ आहे. तुमच्यातही कुणी असेल, ज्याला चालायचं नाही तर बसायचं भ्या वाटत असेल. त्याने लाजू नये. आत्या आज तिकडं खांबाशी बसल्या आहेत, जमिनीवरच. बाई सुरू करतील तेव्हा आधी आत्याच उठून दाखवतील. कुणी त्यांना हात देऊ नका.

रामकृष्ण हरी.