वकिलाची नोटीस आली तर

(मंडळाच्या पणजी येथील कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

चवथ जवळ आली की आपले दुकानदार उधारीवर माल भरतात. पेडण्याचा, डिचोलीचा माणूस म्हापशाच्या घाऊक व्यापाऱ्याकडे जातो, माल उचलतो आणि पुढच्या तारखेचा चेक देऊन येतो. बहुतेक वेळा सगळं सुरळीत होतं. पण कधी चेक परत जातो आणि मग पोस्टमन एक जाड पाकीट घेऊन येतो. आज त्या पाकिटाबद्दलच बोलणार आहे. ते नीट कसं वाचायचं, एवढंच.

एक उदाहरण घेऊ. ते समजण्यासाठी रचलेलं आहे, पण असे प्रसंग मी कितीतरी पाहिले आहेत. पेडण्यातल्या एका दुकानदाराने ऑगस्टमध्ये माल घेतला आणि २० सप्टेंबर तारखेचा १ लाख ८० हजारांचा चेक दिला. चतुर्थीनंतर हातात पैसे आले, म्हणून १० सप्टेंबरला त्याने ६० हजार व्यापाऱ्याच्या खात्यात भरले. चेक मात्र परत मागून घेतला नाही. व्यापाऱ्याने तो पूर्ण रकमेचाच बँकेत टाकला. खात्यात शिल्लक नव्हती. २५ सप्टेंबरला बँकेने चेक परत केला आणि १३ ऑक्टोबरला दुकानदाराच्या हातात इंग्रजी नोटीस पडली. तो घाबरून आला. म्हणाला, "वकीलसाहेब, आता पोलीस येतील काय हो?"

नोटिशीने पोलीस येत नाहीत. ही वकिलाने आपल्या अशिलातर्फे केलेली मागणी आहे. पण हिच्यामागे कायदा आहे, म्हणून ती टेबलाच्या खणात टाकायची नसते. पेन्सिल घ्यायची आणि तीन गोष्टी शोधायच्या.

पहिली गोष्ट, कोण मागतं आहे? लेटरहेड वकिलाचं असतं, म्हणून लोक वकिलावर चिडतात. पण पहिल्याच परिच्छेदात 'माझ्या अशिलाच्या सूचनेवरून' अशा अर्थाचं वाक्य असतं आणि तिथे खऱ्या मागणाऱ्याचं नाव असतं. ते नाव आणि चेकवरचं नाव जुळतं का, ते पाहा. चेकचा नंबर, तारीख आणि बँकही ताडून पाहा.

दुसरी गोष्ट, काय मागतं आहे? आपल्या दुकानदाराच्या नोटिशीत चेकचे १ लाख ८० हजार, वर व्याज आणि नोटिशीचा खर्च ११ हजार असं मागितलं होतं. इथे कलम कोणतं ते बघायचं. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टचं कलम १३८ लिहिलेलं असेल, तर प्रकरण फौजदारी होऊ शकतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्या कलमाचा संबंध चेकच्या रकमेशी आहे. व्याज आणि खर्च वेगळे दाखवून मागितले तर नोटीस तेवढ्याने बाद होत नाही. मात्र ते भरले नाहीत म्हणून कलम १३८ लागत नाही. त्यांच्यासाठी दिवाणी वाट आहे.

आणि ते ६० हजार? व्यापाऱ्याच्या नोटिशीत त्यांचा उल्लेखच नव्हता. इथे सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२२ चा एक निकाल उपयोगी पडतो. त्या प्रकरणात चेक २० लाखांचा होता आणि तो वटवायला टाकण्याआधीच ४ लाखांहून थोडे जास्त परत केलेले होते. न्यायालयाने म्हटलं की चेक दिल्यानंतर काही रक्कम फेडली असेल, तर तिची नोंद चेकवर करायला हवी. तशी नोंद न करता पूर्ण रकमेचा चेक टाकला, तर टाकण्याच्या दिवशी तेवढं देणं उरलेलंच नसतं आणि कलम १३८ चा गुन्हा होत नाही. म्हणून ६० हजार भरल्याची बँकेची नोंद ही दुकानदाराची सर्वांत मोठी ढाल होती. रोखीत, पावतीशिवाय दिले असते तर ते सिद्ध करणं कठीण गेलं असतं.

तिसरी गोष्ट, केव्हापर्यंत? नोटिशीवर तारीख होती ६ ऑक्टोबर आणि खाली लिहिलं होतं, 'सात दिवसांत पैसे भरा.' दुकानदाराला वाटलं, मुदत संपलीच. तसं नाही. कायद्याने नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस दिले आहेत. ते वकिलाच्या पत्राने कमी होत नाहीत. मोजायचं ते नोटिशीवरच्या तारखेपासून नव्हे, हातात पडल्यापासून, आणि मिळालेला दिवस सोडून. १३ तारखेला मिळाली, म्हणजे २८ ऑक्टोबरपर्यंत वेळ. म्हणून पाकीट फेकू नका. त्यावरचा पोस्टाचा शिक्का आणि ट्रॅकिंगचा नंबर हा तुमचा पुरावा आहे.

मुदत समोरच्यालाही असते. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यावर ३० दिवसांत त्याने नोटीस पाठवायला हवी. इथे ती वेळेत होती. २८ पर्यंत पैसे मिळाले नाहीत, तर पुढच्या एक महिन्यात त्याने कोर्टात तक्रार करायची, म्हणजे या हिशेबात २९ नोव्हेंबरपर्यंत. उशीर झाला आणि सबळ कारण दाखवलं तर न्यायालय तो माफ करू शकतं, म्हणून त्या तारखेवर विसंबून गप्प बसू नये.

काही जण पाकीटच घेत नाहीत. 'घरी नाही म्हणून सांग' म्हणतात. त्याचा उपयोग नाही. पत्ता बरोबर असेल आणि नोटीस पोस्टाने रीतसर पाठवली असेल, तर ती मिळाली असंच धरलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली हे स्पष्ट केलं. त्याच निकालात असंही म्हटलं आहे की नोटीस खरोखरच मिळाली नव्हती असं म्हणणाऱ्याने समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरावेत. तेही न करणाऱ्याला मग ती तक्रार करता येत नाही.

आता उत्तराच्या वाटा. देणं मान्य असेल तर मुदतीत पूर्ण भरा, बँकेतूनच भरा आणि भरल्याचं पत्र पाठवा. देणं मुळातच नसेल, उदाहरणार्थ माल परत केला असेल, तर तसं कागदपत्रांसह लेखी कळवा. एकदम जमत नसेल तर हप्ते मागा, पण समोरच्याची संमती लेखी घ्या. नुसत्या फोनवरच्या 'बघू या'ने १५ दिवस थांबत नाहीत. आणि गप्प बसणं हीही एक वाट आहे, पण वाईट. उत्तर न देणं हा गुन्हा नाही. मात्र चेकवर सही तुमची असेल, तर तो देण्यापोटीच दिला असं न्यायालय गृहीत धरून चालतं. ते खोडून काढायचं काम तुमचं असतं. पहिल्या संधीला न सांगितलेली हकीकत नंतर सांगितली तर तिच्यावर विश्वास बसणं अवघड जातं.

आमच्या दुकानदाराने काय करावं? उरलेले १ लाख २० हजार २८ च्या आत खात्यात भरावेत. उत्तरात चार ओळी पुरेत: ६० हजार १० सप्टेंबरला दिले, उतारा सोबत, उरलेली रक्कम अमुक दिवशी भरली, व्याज आणि खर्च मान्य नाहीत, मूळ चेक परत करावा. रागाचा एक शब्दही नको, कारण तेच पत्र उद्या कोर्टात वाचलं जातं. हे केलं नाही तर २०२२ च्या निकालाचा आधार राहील, पण तो मांडायला तारखांना जावं लागेल. व्यापाऱ्याचं खातं म्हापशाच्या शाखेत असेल, तर तक्रारही म्हापशालाच होते. २०१५ च्या दुरुस्तीपासून कायदा तसा आहे. पेडण्याहून त्या खेपा घालण्यापेक्षा चार ओळींचं पत्र स्वस्त.

शेवटी एक. प्रत्येक नोटिशीला १५ दिवस नसतात. कर्जाच्या वसुलीसाठी बँक सरफेसी कायद्याखाली पाठवते त्या मागणीच्या नोटिशीला ६० दिवस असतात. वकिलाच्या साध्या पत्रातली मुदत पुष्कळदा त्याने स्वतःच ठरवलेली असते. आणि कोर्टाचा शिक्का असलेलं समन्स ही नोटीसच नव्हे. तिथे दिलेल्या तारखेला हजर व्हावंच लागतं. म्हणून आधी कलम शोधा, मग कॅलेंडरवर दिवस मोजा, आणि पाकिटासकट सगळं घेऊन वकिलाकडे जा. मुदतीच्या शेवटच्या दिवशी मात्र नको.