‘कूल’ म्हणजे फ्रिज नव्हे

मुंबईत उपचारांसाठी ओमान, येमेनहून रुग्ण येतात. सोबतचा नातेवाईक गोळ्यांच्या बाटलीचा फोटो पाठवून विचारतो, ही कुठे ठेवू? लेबलवर असतं, ‘स्टोअर इन अ कूल, ड्राय प्लेस’.

‘कूल’साठी अरबीत चटकन सुचतो तो शब्द ‘बारिद’. पण बारिद म्हणजे चक्क थंडही. ते वाचून माणूस बाटली फ्रिजमध्ये ठेवतो. भारतीय औषधसंहितेत मात्र ‘कूल’ म्हणजे 8 ते 25 अंश सेल्सियस. फ्रिजचे 2 ते 8 अंश म्हणजे ‘कोल्ड’. शिवाय गार बाटली दमट हवेत उघडली, की आत दव धरतं आणि ‘ड्राय’ची सूचनाही मोडते.

म्हणून लेबलवर तापमान छापलेलं असेल, तर तोच आकडा लिहा: ‘ला ततजावझ 25 दरजा’, म्हणजे 25 अंशांच्या वर नको. आकडा नसेल, तर मनाने घालू नका, फार्मासिस्टला विचारा.

आणखी एक. अरबी अंकांतला पाच आपल्या शून्यासारखा गोल असतो. त्यांचा 25 आपल्याला 20 वाटतो. म्हणून मजकूर पाठवला, की आकडा त्या नातेवाईकाकडूनच मोठ्याने वाचून घ्या.