नायगावचं पाणी आणि माणशी वाटा
(कळंब येथे दिंडीच्या मुक्कामात पाणलोटाच्या कामकऱ्यांसमोर झालेले भाषण)



आपल्या बारामती-इंदापुरात एका तालुक्यात दोन मुलूख आहेत. नीरा डाव्या कालव्याखाली ऊस डोलतो आणि कालव्याच्या वरच्या अंगाला, जिरायती गावांत, मार्गशीर्षातच विहिरी तळ गाठतात. आज बोलायचंय ते त्या वरच्या गावांबद्दल. त्यासाठी लांब जायला नको, शेजारच्या पुरंदर तालुक्यातलं नायगाव पुरे.

1972 च्या दुष्काळात तिथली माणसं खडी फोडत होती. पुण्याचे एक इंजिनियर-कारखानदार विलासराव साळुंखे यांनी ते पाहिलं. खडी फोडून पुढच्या वर्षीचा दुष्काळ कसा हटणार, हा प्रश्न त्यांना पडला. नायगावात देवस्थानची सुमारे 40 एकर उजाड, उताराची जमीन होती. ती त्यांनी भाडेपट्ट्याने घेतली आणि तिथं काम सुरू केलं.

काम माथ्यापासून पायथ्याकडे केलं. उतारावर बांध घातले, पायथ्याला पाझर तलाव केला, त्याच्या खालच्या अंगाला विहीर काढली आणि तिचं पाणी उचलून वरच्या शेताला दिलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. वरचं काम न करता आधी तलाव बांधला, तर डोंगराची माती दोन-चार पावसाळ्यांत त्यात येऊन बसते.

आता मी सांगतो ती परीक्षा आपापल्या गावी करून बघा. समतल चर खणला असेल, तर पहिल्या मोठ्या पावसानंतर जाऊन उभे राहा. चरात पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं उभं असेल, तर चर बरोबर आहे. एकाच टोकाला साचलं असेल, तर आखणी चुकली. तिथूनच तो फुटणार आणि खाली घळ पाडणार. म्हणून आखणी नजरेनं करू नका. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्हीकडची पातळी जुळवा आणि मगच फक्की टाका. चराची माती नेहमी उताराच्या खालच्या बाजूला टाकायची.

दुसरी परीक्षा पाझर तलावाची. चैत्र-वैशाखात तलाव भरलेला दिसला की आपण खूश होतो. पण खालच्या विहिरी कोरड्या आणि तलाव मात्र भरलेला, असं असेल तर तो तलाव पाझरत नाही. तळाला गाळ बसलाय, नाहीतर जागाच चुकली. पाझर तलावानं आटत जावं आणि विहिरीनं भरत जावं, हे त्याचं काम. आटलेल्या तलावातला गाळ उन्हाळ्यात काढून शेतात टाका.

इथवरचं काम पुष्कळ गावांनी केलंय. तरी पुन्हा टँकर येतो. का येतो? हिशेब मांडू. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर पाणी. 40 एकर म्हणजे 16 हेक्टर. तिथं वर्षाला 400 मिलिमीटर पाऊस धरला, तर 6 कोटी 40 लाख लिटर होतं. यातलं निम्म्याहून जास्त ऊन, गवत आणि मातीच घेते. विहिरीला पाचवा हिस्सा पोचला असं धरून चला, तर सव्वा कोटी लिटर.

पाटपाण्याच्या एक एकर उसाला सुमारे एक कोटी लिटर लागतं. म्हणजे चाळीस एकरांवर अडवलेलं जवळजवळ सगळं पाणी एका एकराच्या उसात गेलं. तेच पाणी रब्बी ज्वारीला दोन पाळ्या दिल्या, एका पाळीला एकरी तीन लाख लिटर धरलं, तर वीस एकर ज्वारी भिजते.

म्हणून नायगावातून पुढं आलेल्या पाणी पंचायतीनं आधी नियम ठरवले. पाणी जमिनीच्या मापानं नाही, माणसांच्या मापानं द्यायचं. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, पाच माणसांच्या घराला अडीच एकर. वीस एकर असलेल्यालाही तेवढंच. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी आधी घालायचा.

माउली, दिंडीच्या पंगतीत कोणाचं शेत किती हे विचारून वाढत नाहीत. पान पाहून वाढतात. पाणी पंचायतीनं तोच रिवाज विहिरीला लावला.

हे अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. जवळ कालवा आला, उसाचा भाव दिसला की नियम सैल होतात. शेजाऱ्यानं रात्रीत खोल बोअर मारली की समाईक विहिरीचं पाणी तिकडं ओढलं जातं. जेसीबी आणणं सोपं, भावकीत बसून हे बोलणं जड जातं. म्हणून क्रम असा ठेवा: चर खणायच्या आधी ग्रामसभेत वाटपाचा ठराव करा, बोअरचाही त्यातच करा. पाणी आल्यावर कोणी वाटा सोडत नाही. दरवर्षी पाऊस सरला की विहिरींची पातळी मोजा, फळ्यावर लिहा, आणि मगच रब्बीला काय पेरायचं ते ठरवा. पाऊस कमी झाला, तर त्या साली सगळ्यांचीच एक पाळी कमी. एकट्यादुकट्याची नाही.

राम कृष्ण हरी.