विमा कंपनीला उशिरा कळवलं, तर पत्र कसं लिहावं



आज आपण एका पत्राविषयी बोलू. ट्रॅक्टर चोरीला गेला, विमा होता, पण कंपनीला कळवायला उशीर झाला. आता कंपनी म्हणते, "दावा वेळेत कळवला नाही." अशा वेळी काय लिहायचं? आम्ही एक उदाहरण धरून सांगतो.

समजा, निफाड तालुक्यातले एक द्राक्षबागाईतदार आहेत. 11 नोव्हेंबर 2024 च्या रात्री त्यांचा ट्रॅक्टर शेडातून गेला. 12 तारखेला सकाळी त्यांनी पोलिस ठाण्यात फिर्याद दिली. त्याच दिवशी पंचनामा झाला. कंपनीला मात्र त्यांनी 5 डिसेंबरला कळवलं. म्हणजे तेवीस दिवस गेले. मग 16 डिसेंबरला कंपनीचं पत्र आलं, की उशीर का झाला ते लेखी कळवा.

असं पत्र आलं की पुष्कळजण घाबरतात, नाहीतर रागावतात. आधी पॉलिसी काढा. पहिल्या पानावर नाव, नंबर, रक्कम असते. आपल्याला हवं ते मागच्या पानांवर असतं, अटींमध्ये. बहुतेक पॉलिसी इंग्रजीत असतात, तेव्हा शाळेतल्या गुरुजींकडून नाहीतर शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. गाडीच्या पॉलिसीत पहिल्याच अटीत बहुधा दोन गोष्टी असतात. एक, नुकसान झाल्यावर कंपनीला ताबडतोब लेखी कळवावं. दुसरी, चोरी झाल्यास पोलिसांना ताबडतोब कळवावं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ध्यानात ठेवा. आपलं पत्र त्यावरच उभं राहणार आहे.

काही पॉलिसींत आणखी एक वाक्य असतं. विमेदाराच्या हाताबाहेरच्या कारणानं उशीर झाला आणि ते सिद्ध झालं, तर कंपनी उशीर माफ करण्याचा विचार करील, असं ते वाक्य. ते सापडलं तर अटीच्या नंबरासह जसंच्या तसं उतरवून घ्या. शेजाऱ्याच्या पॉलिसीतून उतरवू नका. त्याची कंपनी वेगळी, अट वेगळी.

ते वाक्य सापडलं नाही तरी वाट बंद होत नाही. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणानं 20 सप्टेंबर 2011 रोजी सर्व कंपन्यांना एक परिपत्रक काढलं. त्यात म्हटलं, की निव्वळ उशिराच्या कारणावरून खरा दावा फेटाळू नये. उशीर का झाला ते तपासावं. दावा वेळेत आला असता तरी तो नामंजूर झाला असता, अशी खात्री पटल्याशिवाय नकार देऊ नये. माफीचं वाक्य पॉलिसीत घालावं, हेही त्यातच सांगितलं आहे.

आता कंपनीची बाजूही समजून घ्या. तिला लवकर का कळायला हवं? तपासासाठी. माणूस पाठवून जागा पाहता यावी, चोरी खरी की बनाव हे कळावं. म्हणून आपल्या पत्रात दोन गोष्टी दिसल्या पाहिजेत: उशीर का झाला, आणि त्यामुळे तपास बिघडला नाही. दुसरी गोष्ट लोक लिहीतच नाहीत. नुसती "कृपा करा, गरीब आहे" अशी विनवणी करतात. त्यानं दाव्याचा कागद पुढे सरकत नाही.

कारण लिहिताना दिवसांचा हिशेब द्या. आपल्या बागाईतदारांचा हिशेब असा. 12 आणि 13 नोव्हेंबर हे दोन दिवस पोलिसांबरोबर शोधात गेले. 14 तारखेला वडिलांना नाशिकच्या रुग्णालयात ठेवावं लागलं, 26 ला घरी आणलं. हे तेरा दिवस झाले. 27 नोव्हेंबर ते 4 डिसेंबर हे आठ दिवस राहिले. पॉलिसीची प्रत कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपनीकडे होती, ती मिळवण्यात ते गेले. दोन, तेरा आणि आठ, झाले तेवीस.

शेवटचे आठ दिवस लंगडे आहेत, हे उघड आहे. प्रत नसली तरी कळवता आलं असतं, असं कंपनी म्हणू शकते. तरी ते दिवस लपवू नका, आणि वडिलांचा मुक्काम चार दिवस वाढवूनही लिहू नका. रुग्णालयाच्या कागदावर तारीख असते. एक तारीख खोटी निघाली की सगळ्या पत्रावरचा विश्वास उडतो.

आता पत्र पाहा.

"प्रति, शाखा व्यवस्थापक, (कंपनीचं नाव), नाशिक. दिनांक 19 डिसेंबर 2024.

विषय: ट्रॅक्टर चोरीचा दावा उशिरा कळवल्याबद्दल माफी मिळण्याबाबत. पॉलिसी क्रमांक ... दावा क्रमांक ... आपले 16 डिसेंबरचे पत्र.

महोदय, माझा ट्रॅक्टर 11 नोव्हेंबरच्या रात्री चोरीस गेला. 12 नोव्हेंबरला सकाळी मी पोलिसांत फिर्याद दिली. आपणास 5 डिसेंबरला कळवले. 12 व 13 तारखेस मी पोलिसांबरोबर शोधात होतो. 14 ते 26 नोव्हेंबर वडील रुग्णालयात होते व त्यांच्याजवळ मी एकटाच होतो. त्यानंतर 4 डिसेंबरपर्यंत फायनान्स कंपनीकडून पॉलिसीची प्रत मिळवण्यात गेले.

पॉलिसीच्या अट क्रमांक ... मध्ये हाताबाहेरच्या कारणाने झालेला उशीर माफ करण्याची तरतूद आहे. पोलिसांना त्याच दिवशी कळवले असून पंचनामाही झाला आहे, त्यामुळे तपासात अडथळा आलेला नाही. तरी उशीर माफ करून दाव्याचा निर्णय गुणावर करावा. दावा नाकारल्यास कारण लेखी द्यावे.

सोबत: फिर्याद व पंचनाम्याची प्रत, रुग्णालयाचा कागद, फायनान्स कंपनीचे पत्र.

आपला, (सही)"

पत्र एका पानात मावतं. याहून लांब लिहू नका.

एका निकालाचा आधारही देता येतो. गुरशिंदर सिंग यांचा ट्रॅक्टर 2010 साली चोरीला गेला. पोलिसांना लगेच कळवलं होतं, कंपनीला दीड महिन्याहून उशिरा. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 24 जानेवारी 2020 रोजी तीन न्यायमूर्तींनी सांगितलं, की चोरीची खबर पोलिसांना लगेच दिली असेल आणि दावा खरा ठरला असेल, तर निव्वळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारता येत नाही. पण यातली मेख नीट पाहा. पोलिसांनाच उशिरा कळवलं असेल, तर हा निकाल तुमच्या उपयोगी पडेलच असं नाही. आणि किल्ली ट्रॅक्टरलाच लावून ठेवली होती का, हा वादही वेगळा. उशीर माफ झाला तरी तो उरतोच.

पत्राच्या दोन प्रती करा. एक कंपनीच्या कचेरीत द्या, दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. पोलिसांचा "वाहन मिळून आले नाही" असा अंतिम अहवाल मागाहून येतो. तो आला की वेगळ्या पत्रासोबत द्या. त्यासाठी हे पत्र अडवून धरू नका.

महिनाभरात उत्तर आलं नाही, किंवा नकार आला, तर विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. नाशिक जिल्हा पुण्याच्या लोकपालाकडे येतो. त्याला फी नाही, वकील लागत नाही. मात्र नकाराच्या पत्रापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. म्हणून नकाराचं पत्र ज्या पाकिटातून आलं ते पाकीटही फेकू नका. पत्र कधी पोचलं, हे त्यावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून दाखवता येतं.